मनगटाकडे बघत राहिले

ॲनेट रोझारिओला एका जागी बसवत नाही, हे गोराईत सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी चर्चमध्ये फादरांचं प्रवचन रंगात आलं की बाकाखाली हिचे पाय हलायला लागायचे, आणि शेजारी बसलेली मेबल, तिची आई, समोरून नजर न काढता तिच्या गुडघ्यावर हात दाबून धरायची. हात उचलला की पाय पुन्हा सुरू. ॲड्रियन, तिचा बाप, वाडीत वांगी, मुळा, लाल माठ लावायचा. मेबल ती भाजी होडीतून खाडीपलीकडे नेऊन बोरिवलीच्या बाजारात विकायची. ॲनेट दोघांच्या मधे धावत असायची. मराठी शाळेतून शिकलेली ही मुलगी डॉक्टर झाली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी ठरवून टाकलं, ही बाळंतपणं करणार. धावपळीचं काम, हिला साजेसं.

तिने रेडिओलॉजी घेतली. दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत बसून पडद्यावरची हाडं-फुप्फुसं वाचायची. ॲड्रियनला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तू बसणार?"

बसायची ती, पण तिच्या पद्धतीने. कांदिवलीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात ती दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर होती. चार एक्स-रे वाचून झाले की उठून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन यायची. खुर्चीवर एक मांडी घालायची, ती मोडून दुसरी घालायची. तिचे गाइड, विभागप्रमुख डॉ. जयवंत तेंडोलकर, जुन्या वळणाचे आणि कमी बोलणारे. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "पाय हलले तरी चालतील, ॲनेट. डोळे हलू देऊ नकोस."

त्या बुधवारी दुपारी तिचं मन नेहमीपेक्षा शांत होतं. गुरुवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना मनगटाचे फ्रॅक्चर शिकवायची तिची पाळी होती आणि त्यासाठी ती गेल्या काही दिवसांतले चांगले नमुने काढत बसली होती. रविवारच्या ड्युटीतला एक तिला आठवत होता. चारकोपच्या एका आजींचा. वनमाला मेस्त्री. इमारतीच्या जिन्यावरून घसरून उजव्या हातावर पडल्या होत्या. मनगटाजवळचं हाड मोडून असं मागे वळलं होतं की पुस्तकात छापावं. ॲनेटने तो एक्स-रे उघडला, शिकवण्यासाठी बाजूला ठेवला. आजींचे त्या दिवशीचे आणखी दोन एक्स-रे त्याच फाइलमध्ये होते. छातीचा आणि कमरेच्या हाडांचा. तिने सहज म्हणून कमरेचा उघडला.

एक क्षण काहीच नाही. मग तिचा हलणारा पाय थांबला.

मांडीचं हाड वर जिथे खुब्यात जातं, तिथे गोळ्यासारखं डोकं आणि त्याखाली मान असते. डोक्यावरून मानेवर उतरणारी रेघ पाण्याच्या लाटेसारखी सलग वळते. डावीकडे ती तशी वळत होती. उजवीकडे वरच्या कडेला तीच रेघ बारीकशी अडखळली होती. आणि मानेतून आडवा एक पांढुरका पट्टा गेला होता, इतका फिका की जरा तिरकं बघितलं तर दिसेनासा व्हावा. हाडात हाड रुतून बसलं की असा पट्टा दिसतो. तिने चित्र मोठं केलं, उजेड कमी-जास्त केला, डावी-उजवी बाजू शेजारी शेजारी लावली. प्रत्येक वेळी ते तिथेच होतं.

तिचा रविवारचा रिपोर्ट खाली होता. उजवं मनगट: फ्रॅक्चर, सविस्तर वर्णन, चार ओळी. कमर: 'ठळक अस्थिइजा दिसत नाही.' एक ओळ.

मानेचं असं रुतलेलं फ्रॅक्चर सरकलेलं नसेल, तर स्क्रू घालून ते जागच्या जागी धरता येतं. माणूस त्यावर चालत राहिला आणि ते सरकलं, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग तो गोळाच बदलावा लागतो. आजी रविवारी हाताला प्लास्टर घालून घरी गेल्या होत्या. आज बुधवार.

ॲनेट उठली, दारापर्यंत गेली, परत आली. शेजारच्या टेबलावर तिसऱ्या वर्षाचा चैतन्य सोनोग्राफीचे रिपोर्ट टाइप करत होता.

"चैतन्य, हे बघ ना जरा. काही सांगत नाही, नुसतं बघ."

त्याने खुर्ची सरकवली. बराच वेळ बघितलं. "उजवी मान?"

"हो."

"आहे यार." त्याने खालचा रिपोर्ट वाचला आणि हळूच म्हणाला, "वाट लागली. कुठे आहे पेशंट?"

"घरी."

ती फोनकडे वळलीच होती. हाडांच्या विभागातला निलेश तिच्याच बॅचचा. रविवारी प्लास्टर त्यानेच घातलं होतं. त्याला तिने एका दमात सांगितलं: नाव, वय, कुठे काय दिसतंय, आणि एवढं की ते तिच्याकडून सुटलं होतं. पलीकडून निलेश म्हणाला, "जांघेत दुखतंय म्हणत होत्या गं त्या. चालत होत्या धरून धरून. तुझ्या रिपोर्टमध्ये कमरेला काही नाही म्हणून मी पाठवलं घरी." मग स्वतःच म्हणाला, "ते जाऊ दे. मी बेड बघतो. तू बोलतेस की मी बोलू घरी?"

"मी बोलते," ॲनेट म्हणाली.

नोंदीतला नंबर सुनेचा होता. मानसी मेस्त्री. फोन उचलला तेव्हा मागे शिवणयंत्रांची घरघर होती. ती चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. ॲनेटने ओळख सांगितली आणि विचारलं, आजी कशा आहेत.

"आहेत. पाय दुखतो म्हणून किरकिर करतायत. मी म्हटलं त्यांना, डॉक्टरांनी सांगितलंय ना पायाला काही नाही, मग चाला. पडून राहिलात तर आखडून जाल. कालपासून जरा चालायला लावलंय मी."

"मानसीताई, त्यांना आत्ता चालू देऊ नका. पलंगावरच ठेवा, पाय टेकू देऊ नका. मी त्यांचा एक्स-रे पुन्हा बघितला. खुब्याच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर आहे असं मला दिसतंय. रविवारी ते माझ्या नजरेतून सुटलं. आम्ही रुग्णवाहिका पाठवतोय."

यंत्रांची घरघर तेवढी येत राहिली. मग मानसी म्हणाली, "म्हणजे काय? तुम्हीच लिहिलंत काही नाही म्हणून."

"हो. मीच लिहिलं. ते चुकलं."

"आणि मी त्यांना चालवलं."

फोन बंद झाला. रागाने की घरी धावायला म्हणून, ते कळलं नाही.

तेंडोलकर सर त्या दिवशी अंधेरीला परीक्षक म्हणून गेले होते. दोनदा फोन लागला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि तिने सांगितलं ते ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "ऑर्थोला कळवलंस?"

"हो सर. घरीही."

"पुरवणी जोड. मूळ रिपोर्टला हात लावू नकोस, तो जसा आहे तसा राहिला पाहिजे. पुरवणीत आजची तारीख, काय दिसलं, कोणाला कधी कळवलं. पेशंट आला की पाठीवर झोपवून बाजूने एक्स-रे घ्यायला सांग, दुखरा पाय न हलवता. त्यानंतर एमआरआय. आणि उद्या मला एक पत्र लिही. छापील मसुदा नको. काय झालं ते तुझ्या शब्दांत."

आजींना आणलं तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. पहिल्या मजल्यावरून स्ट्रेचर उतरवताना जिन्याच्या वळणावर सोसायटीतल्या चौघांनी हात लावला होता, असं रुग्णवाहिकेतला माणूस सांगत होता. एक्स-रेच्या खोलीबाहेर ॲनेट तीनदा आत-बाहेर झाली. बाजूच्या एक्स-रेत मानेच्या मोडीला आता लपून बसायला जागा नव्हती. एमआरआयमध्ये तर ती काळी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत स्पष्ट होती, भोवती सूज. पण हाडाचं डोकं जागेवर होतं. सरकलेलं नव्हतं. निलेशने ते चित्र पाहिलं. "उद्या सकाळी स्क्रू घालू. तीन दिवस चालून पण टिकलंय. आजींचं नशीब."

आजींचं नशीब, ॲनेटच्या मनात आलं, माझं काही नाही त्यात.

वॉर्डात जायची तिला सक्ती नव्हती. रेडिओलॉजीची माणसं वॉर्डात क्वचितच दिसतात. पण खाली बसवेना म्हणून ती गेली. वनमालाबाई उशीला टेकून होत्या, बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेले, प्लास्टरचा हात पोटावर. मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, गिरणी गेली तशी परळची खोली सोडून चारकोपला आलेल्या. मानसी बाजूच्या स्टुलावर बसली होती. तिने ॲनेटकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

ॲनेटने स्वतःचं नाव सांगितलं.

"फोटू बघणारी ती तूच काय गो?" आजींनी विचारलं.

"हो आजी. रविवारी तुमच्या पायाचं फ्रॅक्चर माझ्या लक्षात आलं नाही. ते तेव्हाच दिसायला हवं होतं. मला माफ करा."

आजींनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. रागाने नव्हे, कुतूहलाने. "मगे तेव्हा खंय बघी होतंस?"

ॲनेट खरं तेच बोलली. "मनगटाकडे. ते इतकं मोठं मोडलं होतं ना, तिकडेच बघत राहिले. तेच सापडलं म्हणून बाकीचं घाईत बघितलं."

"हां," आजी म्हणाल्या. एवढंच. मग सुनेकडे वळून, "पाणी दी गो."

ॲनेट निघाली तशी मानसी तिच्यामागून दारापर्यंत आली. आवाज खाली ठेवून, पण एकेक शब्द चावून ती म्हणाली, "रात्री रडत होत्या त्या. मला वाटलं नाटक करतायत. मी बोलले त्यांना. काय काय बोलले. माझी नणंद मानखुर्दहून आलीये, सगळ्यांसमोर म्हणाली, सुनेने म्हातारीला मोडक्या पायावर नाचवलं. आता मी कोणाकोणाला सांगत फिरू?"

ॲनेट उभी राहिली. मानसी आत निघून गेली.

गुरुवारी सकाळी आजींना शस्त्रक्रियेसाठी नेलं त्याच वेळी ॲनेट पत्र लिहायला बसली. मनगटाचा वर्ग तिने दुसऱ्याकडे सोपवला होता. आदरणीय सर, एवढं लिहून झालं आणि पुढची ओळ येईना. मग आली ती एकदम धावत आली. रविवारी ड्युटीवर मी एकटी होते, अपघात विभागातून सारखे फोन येत होते, पाय बाहेर वळलेला असल्याने मान आखूड दिसत होती आणि बाहेरच्या उंचवट्याची सावली तिच्यावर पडली होती, बाजूचा एक्स-रे काढलेला नव्हता. सगळं खरं होतं. तिने ते वाचलं. वाचताना तिला आजींचं 'खंय बघी होतंस?' ऐकू आलं आणि तिने ती ओळच्या ओळ पुसून टाकली.

चैतन्य चहा घेऊन आला. पडद्यावर डोकावत म्हणाला, "पुसतेस कशाला? तेच लिही ना. फिल्म तांत्रिकदृष्ट्या अपुरी, बदल अत्यंत सूक्ष्म, मागे वळून पाहतानाच लक्षात येण्याजोगा. झालं. खोटं नाहीये यात काही."

"फिल्म अपुरी होती तर मी रविवारी तसं लिहिलं का? दुसरा एक्स-रे मागितला का?"

"नाही."

"मग अपुरी फिल्म ही सबब कशी होईल? ती माझी दुसरी चूक झाली."

चैतन्यने कप ठेवला. तो वाईट मुलगा नव्हता. पहिल्या वर्षी तिची रडारड त्यानेच ऐकून घेतली होती. "ऐक ना. एक गोष्ट लक्षात आली का तुझ्या? तुझा रविवारचा रिपोर्ट कच्चा होता. सोमवारी पक्का झाला. पक्का कोणी केला?"

लक्षात आलं होतं. बुधवारी पुरवणी जोडतानाच तिने ते नाव पाहिलं होतं. रविवारचे सगळे कच्चे रिपोर्ट सोमवारी सकाळी वरिष्ठ बघतात आणि सही करतात. वनमाला मेस्त्रींच्या रिपोर्टखाली सही होती जयवंत तेंडोलकरांची.

"ते पत्र फाइलला लागणार," चैतन्य म्हणाला. "सरांनाच लिहायचं की तुम्ही पण चुकलात? त्यांच्याच हाताखाली अजून दीड वर्ष काढायचंय तुला. आणि त्या सुनेचं वगैरे घालू नकोस हं. ते काही रेडिओलॉजी नाही."

तो गेला. ॲनेट उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेली. तिथल्या खिडकीतून खाली पार्किंग दिसायचं. ती परत आली, बसली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला वॉर्डबॉयने विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?"

शेवटी तिने लिहिलं ते असं:

"आदरणीय सर,

रविवारच्या ड्युटीत श्रीमती वनमाला मेस्त्री यांच्या कमरेच्या एक्स-रेमध्ये उजव्या मांडीच्या हाडाच्या मानेचं, न सरकलेलं पण रुतलेलं फ्रॅक्चर होतं. ते मी ओळखलं नाही. त्यांचं मनगट मोडलेलं मला आधी दिसलं. मी मनगटाकडे बघत राहिले. एक मोड सापडल्यावर माझा शोध संपला, पेशंटचा संपला नव्हता. रुग्णाच्या कागदावर 'जांघेत दुखते' असं लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं.

मानेचा भाग एक्स-रेत नीट उघडलेला नव्हता. तसं रिपोर्टमध्ये लिहायला हवं होतं आणि बाजूचा एक्स-रे मागायला हवा होता. मी दोन्ही केलं नाही. 'ठळक' हा शब्द मी लिहिला. खात्री नसताना मी तो शब्द वापरते, हे मला आता कळतंय.

सोमवारी सकाळी हा रिपोर्ट अंतिम झाला. बुधवारी दुपारी शिकवण्यासाठी एक्स-रे पुन्हा पाहताना फ्रॅक्चर लक्षात आलं. हाडांच्या विभागाला, नातेवाइकांना आणि तुम्हाला लगेच कळवलं. एमआरआयने निदान पक्कं झालं.

मधल्या तीन दिवसांत पेशंट त्या पायावर चालत होत्या. त्यांच्या सुनेने त्यांना चालायला लावलं, कारण पायाला काही नाही असं आम्ही त्यांना लेखी दिलं होतं. दुखतंय असं पेशंट सांगत होत्या आणि घरातल्यांनी त्यांच्यापेक्षा माझ्या रिपोर्टवर विश्वास ठेवला. याची नोंद पत्रात असावी असं मला वाटतं.

आपली, ॲनेट रोझारिओ."

दुपारी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. शस्त्रक्रिया सुरळीत झाल्याचा निरोप निलेशने नुकताच दिला होता. तोच तिने आधी सांगितला. सरांनी मान हलवली, चष्मा बदलला आणि पत्र वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग समोरच्या पडद्यावर आजींचा रविवारचा एक्स-रे उघडला. ॲनेट उभीच होती. तिला बस म्हणायचं त्यांना सुचलं नाही आणि तिला बसायचं नव्हतं.

सर बराच वेळ बघत राहिले. त्यांनी उजेड कमी केला, वाढवला. तिने जे जे केलं होतं तेच त्यांचा हात करत होता.

"आहे," ते म्हणाले. मग पत्रावर बोट ठेवलं. "इथे एक वाक्य बसत नाही. 'सोमवारी सकाळी हा रिपोर्ट अंतिम झाला.' बाकी सगळीकडे मी केलं, मी लिहिलं, मी मागितलं नाही. इथे रिपोर्ट आपोआप अंतिम झाला?"

ॲनेटने त्या ओळीकडे पाहिलं.

"कोणी केला?"

"तुम्ही, सर."

"माहीत होतं तुला?"

"हो सर. काल पुरवणी जोडताना बघितलं."

"मग लिही तसं." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "मला आठवतही नाही हा एक्स-रे. सोमवारचा गठ्ठा संपवत असेन. मनगटाचं वर्णन चांगलं लिहिलं होतंस, ते वाचून पुढचं मानून चाललो असेन. दोन माणसं बघतात ती एवढ्यासाठी की एकाचं सुटलं तर दुसऱ्याला सापडावं. दुसरा पहिल्याचा रिपोर्ट वाचत बसला आणि चित्र बघितलंच नाही, तर एकाच माणसाने दोनदा बघितल्यासारखं झालं."

तिने तिथेच उभ्याने, पेनाने, 'हा रिपोर्ट' याच्या आधी 'डॉ. तेंडोलकर यांनी' लिहिलं, 'झाला'चं 'केला' केलं. सरांनी कागद परत घेतला.

"महिन्याच्या आढावा बैठकीत हे मांडायचं," ते म्हणाले. "पेशंटचं नाव काढून. आपली दोघांची राहू देत. आणि आता वॉर्डात चल माझ्याबरोबर."

मानसी आणि तिचा नवरा राजेश बाहेरच्या बाकावर होते. सरांनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून घेतली आणि आडवळण न घेता सांगितलं: रविवारी फ्रॅक्चर दिसत होतं, बारीक होतं पण होतं, डॉक्टर ॲनेटकडून सुटलं, सोमवारी माझ्याकडून सुटलं. स्क्रू आता घट्ट बसलेत. हाड जुळेल असं वाटतं, पण काही महिने एक्स-रे काढून लक्ष ठेवावं लागेल, कारण या जागेचं हाड कधी कधी उशिरा दगा देतं.

मानसीने विचारलं, "हे सगळं तुम्ही लिहून द्याल?"

"काय लिहून हवंय?"

"हेच. की तुम्ही सांगितलंत पायाला काही नाही, म्हणून मी त्यांना चालवलं." ती राजेशकडे बघत नव्हती. "मला कोर्टात जायचं नाहीये. मला घरात दाखवायचंय."

सर म्हणाले, देतो. ते तितकं सोपं निघालं नाही. रुग्णालयाच्या अधीक्षकांना असा कागद बाहेर जाणं मंजूर नव्हतं. तोंडी सांगितलंत ना, पुरे, असं त्यांचं म्हणणं. सर दोनदा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन आले. दुसऱ्या वेळी दार बंद होतं आणि आतला आवाज बाहेर येत होता. आजींना घरी सोडायच्या दिवशी डिस्चार्जच्या कागदात शेवटी एक परिच्छेद होता: पहिल्या रिपोर्टमध्ये फ्रॅक्चरची नोंद नव्हती, नातेवाइकांनी रुग्णास चालवलं ते त्या रिपोर्टनुसार, त्यात त्यांचा निष्काळजीपणा नाही. खाली दोन सह्या.

मानसीने तो परिच्छेद उभ्याउभ्या वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि निलेशकडे वळून विचारलं, "यांचा हात प्लास्टरमध्ये, वॉकर धरणार कसा?" कोपरापुढचा हात टेकवता येईल असा वॉकर त्याने मागवून ठेवला होता. ॲनेट बाजूला उभी होती. तिला कोणी धन्यवाद म्हणालं नाही, आणि कोणी म्हणावं असं तिलाही वाटत नव्हतं. स्ट्रेचरवरून जाताना आजींनी फक्त सांगितलं, "जेवत नाय दिसतंस तू. हाडां दिसतत तुझी."

पुढचे एक्स-रे बाहेरच्या कुठल्या केंद्रात न काढता मानसी दर वेळी आजींना इथेच घेऊन आली. का, ते तिने सांगितलं नाही. ते ॲनेटने वाचले आणि सरांनी तिचा रिपोर्ट न वाचता आधी चित्र बघितलं, मग रिपोर्ट. पहिल्यात रेघ होती तशीच. दुसऱ्यात पुसट. तिसऱ्याच्या वेळी आजी काठी टेकत स्वतः आत आल्या आणि टेबलावर चढायला मदत नको म्हणाल्या.

आढावा बैठकीत पत्र वाचलं गेलं तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, आणि एका वरिष्ठ डॉक्टरांनी बाहेर पडताना सरांना विचारलंही, एवढं उघडं करायची काय गरज होती. चैतन्य त्या दिवशी तिच्याशी फारसं बोलला नाही. आठवड्याने मात्र त्याने आपल्या नजरेतून पूर्वी सुटलेला एक कॅन्सर, फुप्फुसातला, तिला उघडून दाखवला. कोणाला सांगितलं नव्हतं त्याने. तिने खुर्ची ओढली. त्याच्याबरोबर बसून तो बघितला.

गोराईला जाऊन तिने हे घरी सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी. मेबल भाजीच्या जुड्या बांधत होती. ऐकून ती म्हणाली, "आता बरी आहे ना ती बाई?" ॲनेट हो म्हणाली. "मग झोप लागते का तुला?" ॲनेटने एक जुडी हातात घेतली आणि बांधायला सुरुवात केली.

तिची एक नवी सवय मात्र सगळ्यांना दिसली. ठळक मोड दिसली की तिचं वर्णन लिहून झाल्यावर ती पडद्यावर तळहात ठेवते, ती मोड झाकून टाकते, आणि उरलेलं चित्र पहिल्यापासून वाचते, जणू आत्ताच उघडलंय. पहिल्या वर्षाची मुलं तिची नक्कल करतात. एका रविवारी तिने एक्स-रेच्या खोलीत फोन करून एका आजोबांचा बाजूचा एक्स-रे मागितला. पलीकडचा माणूस वैतागला, बाहेर रांग लागलीये म्हणाला. "माहितीये, तरी काढा," ती म्हणाली, आणि तो येईपर्यंत दारात उभी राहून बोटांनी चौकट वाजवत राहिली. एक्स-रे आला. तिने बघितला. काही नव्हतं. तिने पुन्हा बघितला, मग कागदावर आजोबांचं दुखणं कुठे लिहिलंय ते वाचलं, आणि मगच पुढचा उघडला.